क्लॅम्प मीटर ४७ म्हणतो, पॅनल मीटर ६२: ड्राइव्हचा करंट खरा किती?

बोईसरला तारापूर एमआयडीसीत कापड प्रक्रिया, रसायनं, औषधं, पोलाद असे सगळे उद्योग आहेत, आणि त्यांच्या पॅनल रूममध्ये डोकावलं की एक वस्तू हमखास दिसते: व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. पंख्याला, पंपाला, कन्व्हेयरला ड्राइव्ह लावला की वीज वाचते, हे खरंच आहे. पण हा ड्राइव्ह सप्लायमधून जो करंट ओढतो तो साइन लहरीसारखा नसतो. आणि तिथेच कॉलेजमधलं "फुरिअर सिरीज" नावाचं प्रकरण थेट केबलच्या तापमानात आणि वीजबिलाच्या वादात उतरतं.

मी ऊर्जा मीटरमधून डेटा वाचून डॅशबोर्डवर दाखवणारं सॉफ्टवेअर लिहितो. तारापूरच्या एका कापड प्रक्रिया युनिटमध्ये आमचा डॅशबोर्ड एका ड्राइव्हचा करंट ६२ ॲम्पिअर दाखवत होता. तिथल्या वायरमन काकांनी त्याच केबलला स्वतःचा क्लॅम्प मीटर लावला. आकडा आला ४७. "सर, तुमचं सॉफ्टवेअर चुकतंय," ते म्हणाले. "हा मीटर मोटरवर बरोबर दाखवतो, मी रोज वापरतो." त्यांचं दुसरं वाक्य अगदी खरं होतं. थेट स्टार्टरवर चालणाऱ्या मोटरवर दोन्ही मीटर एकच आकडा दाखवत होते. फरक फक्त ड्राइव्हच्या केबलवर पडत होता.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. केबल ४७ ॲम्पिअर धरून निवडायची की ६२ धरून, हे त्यावर ठरतं. म्हणून हा हिशेब पहिल्यापासून करू. आकडे सोयीसाठी थोडे गोल केले आहेत.

ड्राइव्ह करंट असा का ओढतो?

ड्राइव्हच्या तोंडाशी सहा डायोडचा ब्रिज असतो आणि त्यामागे मोठा कपॅसिटर. लाइनचा व्होल्टेज कपॅसिटरवरच्या व्होल्टेजपेक्षा वर गेला तरच डायोड उघडतात. म्हणजे करंट सतत वाहत नाही. लहरीच्या माथ्याशी थोडा वेळ जोरात येतो आणि मग थांबतो. तीन फेजच्या ब्रिजमध्ये प्रत्येक फेजच्या अर्ध्या आवर्तनात असे दोन उंचवटे येतात, मधे खोलगट. ऑसिलोस्कोपवर हा आकार उंटाच्या दोन मदारींसारखा दिसतो.

आकार कितीही विचित्र असला तरी तो दर २० मिलिसेकंदांनी जशाच्या तसा परत येतो. आणि अशी प्रत्येक लहर ५० हर्ट्झची एक साइन, अधिक १०० ची, १५० ची, २०० ची, अशा पूर्ण पटींतल्या साइन लहरींची बेरीज म्हणून लिहिता येते. जोसेफ फुरिअर या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ च्या ग्रंथात हे मांडलं, तेही विजेसाठी नाही, उष्णता कशी पसरते हे समजून घेण्यासाठी. यातली ५० हर्ट्झची मूळ लहर, आणि तिच्या पटीतल्या बाकीच्या लहरी म्हणजे हार्मोनिक्स.

आपल्या ड्राइव्हमध्ये सगळे हार्मोनिक्स येत नाहीत. लहरीचा खालचा अर्धा भाग वरच्या अर्ध्याचीच उलटी प्रतिमा असल्यामुळे सम क्रमांकाचे गळतात. तीनच तारा असल्यामुळे (न्यूट्रल नाही) ३, ९, १५ हे गळतात, कारण तिन्ही फेजमध्ये ते एकाच वेळी एकाच दिशेने वाहू पाहतात आणि परतायला वाट नसते. उरतात ५, ७, ११, १३... पॅनल मीटरमधून मी वाचलेले आरएमएस आकडे असे होते: मूळ लहर ५० ॲम्पिअर, पाचवा ३०, सातवा २०, अकरावा ६, तेरावा ४. पाचवा मूळ लहरीच्या ६० टक्के आहे, म्हणजे चोक न लावलेल्या ड्राइव्हचं हे नेहमीचं चित्र.

(जाता जाता: जिथे न्यूट्रल आहे, म्हणजे पालघरमधलं एखादं ऑफिस किंवा दुकानांचा गाळा, तिथे कॉम्प्युटर आणि एलईडी दिव्यांचा तिसरा हार्मोनिक न्यूट्रलमध्ये बेरजेने जमा होतो. प्रत्येक फेजमध्ये तो १० ॲम्पिअर असेल तर न्यूट्रलमध्ये ३०, फेज कितीही समतोल असले तरी. तो वेगळा विषय आहे.)

प्रभावी मूल्य: बेरीज वर्गांची

प्रभावी मूल्य म्हणजे आरएमएस. त्याचा अर्थ उष्णतेशी बांधलेला आहे: जेवढा स्थिर डीसी करंट तारेत तेवढीच उष्णता निर्माण करेल, तो आकडा. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून करंटचा वर्ग करायचा, एका आवर्तनावर सरासरी काढायची, वर्गमूळ घ्यायचं.

आता करंट जर पाच साइन लहरींची बेरीज असेल, तर वर्ग करताना दोन प्रकारची पदं येतात. एक, प्रत्येक लहरीचा स्वतःचा वर्ग. दोन, वेगवेगळ्या लहरींचे गुणाकार, जसं ५० हर्ट्झ गुणिले २५० हर्ट्झ. सगळी गंमत या दुसऱ्या प्रकारात आहे. दोन साइन लहरींचा गुणाकार केला की दोन नव्या लहरी मिळतात: एक फरकाच्या वारंवारतेची, एक बेरजेची. ५० आणि २५० चा गुणाकार म्हणजे २०० हर्ट्झची आणि ३०० हर्ट्झची लहर. या दोन्ही लहरी २० मिलिसेकंदांत पूर्ण आवर्तनं करतात, जितकं वर जातात तितकंच खाली येतात. सरासरी शून्य. म्हणून सगळे मिश्र गुणाकार गळून पडतात आणि फक्त स्वतःचे वर्ग उरतात:

```
I = sqrt(I1² + I5² + I7² + I11² + I13²)
  = sqrt(2500 + 900 + 400 + 36 + 16)
  = sqrt(3852) = 62.06 A
```

हा आपल्या डॅशबोर्डचा ६२. (लहरीत डीसी भाग असता तर त्याचाही वर्ग आत गेला असता. इथे तो नाही.)

इथे दोन गोष्टी थांबून बघण्यासारख्या आहेत. हार्मोनिक्सची साधी बेरीज ६० ॲम्पिअर होते, पण त्यांनी एकूण करंट ५० वरून फक्त ६२ वर नेला. वर्गांची बेरीज लहान पदांना फार दडपते. अकरावा आणि तेरावा मिळून ५२ युनिट, ३८५२ मधले, नगण्यच. पण उष्णतेला वर्गमूळाशी देणंघेणं नाही, तिला ३८५२ हाच आकडा दिसतो. तो २५०० च्या १.५४ पट आहे. म्हणजे या केबलमध्ये ५४ टक्के जास्त उष्णता तयार होते. प्रत्यक्षात थोडी आणखीच, कारण जास्त वारंवारतेचा करंट तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो आणि त्याला रोध जास्त लागतो. या जाडीच्या केबलमध्ये हा भाग लहान असतो, म्हणून सोडून दिला आहे.

दुसरी गोष्ट, या सूत्रात हार्मोनिक्सच्या फेजचा, म्हणजे कोण आधी आणि कोण नंतर याचा, उल्लेखच नाही. त्याच पाच लहरी वेगळ्या फेजने जोडल्या तर लहरीचा आकार पूर्ण बदलेल, टोक उंच किंवा बुटकं होईल, पण आरएमएस ६२.०६ च राहील.

मग क्लॅम्प मीटरला ४७ कुठून मिळाले?

स्वस्त क्लॅम्प मीटर आरएमएस मोजतच नाही. तो करंटची खालची बाजू वर उलटवतो, सरळ सरासरी घेतो, आणि तिला १.११ ने गुणून "आरएमएस" म्हणून दाखवतो. शुद्ध साइन लहरीसाठी आरएमएस आणि ही सरासरी यांचं गुणोत्तर नेमकं १.११ असतं, त्यामुळे स्टार्टरवरच्या मोटरला हा मीटर बरोबर असतो. दोन मदारींच्या लहरीसाठी ते गुणोत्तर लागू पडत नाही. करंट बराच वेळ शून्याजवळ आणि थोडा वेळ खूप उंच असतो; वर्ग केला की ती उंची वजनदार ठरते, साध्या सरासरीत नाही.

हे स्वतः तपासायचं असेल तर पायथनच्या काही ओळी पुरतात. पाच लहरी जोडून आकार तयार करायचा आणि दोन्ही पद्धतींनी मोजायचं. उणे चिन्हं आहेत ती फेजसाठी, त्यांनी उंटाचा आकार येतो:

```python
import numpy as np
h = [1, 5, 7, 11, 13]
I = [50, -30, 20, -6, 4]
t = 2*np.pi*np.arange(2000)/2000
i = sum(np.sqrt(2)*a*np.sin(n*t) for n, a in zip(h, I))

print(np.sqrt(np.mean(i**2)))         # 62.06
print(np.sqrt(sum(a*a for a in I)))   # 62.06
print(1.1107*np.mean(np.abs(i)))      # 46.62
print(i.max())                        # 134.8
```

पहिल्या दोन ओळी एकमेकींशी जुळतात: नमुने घेऊन थेट काढलेला आरएमएस आणि हार्मोनिक्सच्या वर्गांवरून काढलेला आरएमएस एकच. तिसरी ओळ म्हणजे काकांचा क्लॅम्प मीटर. तो खऱ्यापेक्षा २५ टक्के कमी दाखवतो आणि मूळ लहरीच्या ५० पेक्षाही कमी! चौथी ओळ सांगते की टोक १३५ ॲम्पिअरला पोचतं. ६२ ॲम्पिअरच्या शुद्ध साइनचं टोक ८८ असतं.

काकांना हे कागदावर दाखवलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला: "मग आमच्याकडचे किती मीटर असे आहेत?" ओळखायची खूण सोपी आहे. खरा आरएमएस मोजणाऱ्या मीटरवर `TRUE RMS` किंवा `TRMS` असं छापलेलं असतं. नसेल, तर तो सरासरीवाला आहे असंच धरावं आणि ड्राइव्ह, यूपीएस, वेल्डिंग मशीन यांच्या केबलवर त्याचा आकडा मानू नये.

सरासरी पॉवर: आपापल्या जोडीदाराशीच

आता पॉवर. क्षणाची पॉवर म्हणजे त्या क्षणीचा व्होल्टेज गुणिले करंट. सरासरी पॉवर म्हणजे तिची एका आवर्तनावरची सरासरी. इथेही तोच गुणाकाराचा नियम लागू होतो. ५० हर्ट्झचा व्होल्टेज आणि २५० हर्ट्झचा करंट गुणले तर २०० आणि ३०० हर्ट्झच्या लहरी मिळतात, सरासरी शून्य. म्हणून पाचव्या हार्मोनिकचा करंट फक्त पाचव्या हार्मोनिकच्या व्होल्टेजबरोबरच सरासरी पॉवर देऊ शकतो, सातवा सातव्याबरोबर:

```
P = V1·I1·cosφ1 + V5·I5·cosφ5 + V7·I7·cosφ7 + ...
```

φ म्हणजे त्या त्या क्रमांकाच्या व्होल्टेज आणि करंटमधला कोन.

आधी समजू की सप्लाय शुद्ध साइन आहे, फेज-न्यूट्रल २४० व्होल्ट, आणि मूळ लहरीचा cosφ1 ०.९७. व्होल्टेजमध्ये हार्मोनिक्स नाहीत, म्हणजे पहिलंच पद उरतं. तीन फेज मिळून ३ × २४० × ५० × ०.९७ = ३४,९२० वॉट, साधारण ३४.९ किलोवॉट. ३० ॲम्पिअरचा पाचवा आणि २० ॲम्पिअरचा सातवा या पॉवरमध्ये एका वॉटचीही भर घालत नाहीत. ते तारेतून जातात, येतात, तार तापवतात, पण मोटरपर्यंत काही पोचवत नाहीत.

प्रत्यक्षात सप्लाय इतका शुद्ध नसतो, आणि तो अशुद्ध करणारा बहुतेक वेळा हाच ड्राइव्ह असतो. या युनिटचा ट्रान्सफॉर्मर २०० किलोव्होल्ट-ॲम्पिअरचा. पाचव्या हार्मोनिकचा ३० ॲम्पिअर करंट ट्रान्सफॉर्मर आणि केबलच्या रोधातून जाताना तिथे २५० हर्ट्झचा व्होल्टेज उभा करतो. कपॅसिटर पॅनल बंद असताना मीटरवर तो साधारण ८ व्होल्ट होता, सातव्याचा ७ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर मुख्यतः इंडक्टिव्ह असल्याने ड्राइव्हच्या बाजूने मोजलेला कोन ९० अंशांपेक्षा थोडा जास्त येतो. १०० अंश धरू, म्हणजे कोसाइन उणे ०.१७४. मग पाचव्याची पॉवर ३ × ८ × ३० × (−०.१७४), म्हणजे उणे १२५ वॉट, आणि सातव्याची ३ × ७ × २० × (−०.१७४), म्हणजे उणे ७३ वॉट.

उणे चिन्हाचा अर्थ शब्दशः आहे: या वारंवारतांवर ड्राइव्ह पॉवर घेत नाही, परत देतो. ५० हर्ट्झवर ३४.९ किलोवॉट आत घेतो, त्यातले साधारण २०० वॉट २५० आणि ३५० हर्ट्झच्या रूपात बाहेर टाकतो. ते ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगमध्ये, वरच्या लाइनमध्ये आणि त्याच ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या शेजारच्या साध्या मोटरमध्ये उष्णता होऊन संपतात. म्हणजे एकूण सक्रिय ऊर्जा मोजणारा मीटर ड्राइव्हवर लावला तर तो ३४.९ ऐवजी ३४.७ किलोवॉट दाखवेल, आणि शेजारच्या मोटरवरचा मीटर तिने मागितलीच नव्हती ती हार्मोनिक पॉवरही मोजेल. घाण करणाऱ्याला थोडी सूट, सोसणाऱ्याला थोडा भुर्दंड. आकडा लहान आहे, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पण दिशा लक्षात घेण्यासारखी आहे.

व्होल्टेजचा आरएमएस मात्र जवळपास हललेला नाही: २४०, ८ आणि ७ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतलं तर २४०.२. म्हणून नुसता व्होल्टमीटर बघून हार्मोनिक्स आहेत की नाहीत हे कळत नाही.

पॉवर फॅक्टर ०.७८, पण कपॅसिटर लावून उपयोग नाही

आभासी पॉवर म्हणजे व्होल्टेजचा आरएमएस गुणिले करंटचा आरएमएस. इथे तीन फेज मिळून ४४.७ किलोव्होल्ट-ॲम्पिअर. ३४.९ भागिले ४४.७ म्हणजे पॉवर फॅक्टर ०.७८. हे ऐकलं की कारखान्यात पहिली प्रतिक्रिया ठरलेली: कपॅसिटर वाढवा. तक्त्यात बघून ०.७८ वरून १ वर न्यायला या लोडसाठी साधारण २८ केव्हीएआर लागतील असं उत्तरही मिळतं.

तक्ता साइन लहरीसाठी आहे. आपला ०.७८ दोन गुणकांनी बनला आहे: cosφ1 म्हणजे ०.९७, आणि I1/I म्हणजे ५०/६२.०६ = ०.८०६. कपॅसिटर फक्त पहिला गुणक सुधारू शकतो, कारण तो ५० हर्ट्झचा कोन भरून काढतो. आणि तो कोन भरायला २८ नव्हे, ८.७५ केव्हीएआर पुरतात. तेवढे लावले तर मूळ लहर ५० वरून ४८.५ ॲम्पिअरवर येईल, हार्मोनिक्स तसेच राहिले असं धरलं तर एकूण करंट ६०.९, आणि पॉवर फॅक्टर ०.८०. बस. ०.८० च्या वर साध्या कपॅसिटरने जाताच येत नाही. उरलेले २० केव्हीएआर उलट करंट पुढे ढकलतील, म्हणजे पॉवर फॅक्टर लीडिंग होऊन पुन्हा बिघडेल.

आणि धोका वेगळाच आहे. कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मरचं इंडक्टन्स मिळून एक झोपाळा तयार होतो, ज्याची स्वतःची एक वारंवारता असते. ती कितव्या हार्मोनिकवर येते हे ट्रान्सफॉर्मरची शॉर्ट सर्किट क्षमता भागिले कपॅसिटर, याचं वर्गमूळ घेतलं की कळतं. २०० चा ट्रान्सफॉर्मर, ५ टक्के इम्पिडन्स, म्हणजे शॉर्ट सर्किट क्षमता ४००० किलोव्होल्ट-ॲम्पिअर. संपूर्ण कारखान्याच्या पॅनलमध्ये त्या वेळी ८० केव्हीएआर चालू असतील तर ४०००/८० = ५०, वर्गमूळ ७.०७. सातव्या हार्मोनिकवरच! ड्राइव्ह २० ॲम्पिअर सातवा हार्मोनिक ढकलतोय, झोपाळा त्याला वाढवत नेतो. समजा कपॅसिटरमध्ये तो पाचपट, म्हणजे १०० ॲम्पिअर झाला. ८० केव्हीएआरचा स्वतःचा ५० हर्ट्झचा करंट १११ ॲम्पिअर. पुन्हा तेच सूत्र: १११ आणि १०० च्या वर्गांची बेरीज, वर्गमूळ १४९. हा १.३५ पट झाला, तर आयईसी ६०८३१ हे मानक कपॅसिटरला सतत १.३ पटच सोसायला सांगतं.

ऑटोमॅटिक पॅनलमध्ये कपॅसिटर टप्प्याटप्प्याने चालू-बंद होतात, त्यामुळे ही अडचण विशिष्ट टप्पेच चालू असताना येते आणि बाकी वेळ सगळं शांत असतं. फ्यूज "उगाचच" जातात, कपॅसिटर फुगतात, कधी रात्रपाळीलाच, आणि दोष निकृष्ट मालावर जातो. किती केव्हीएआर चालू असताना सातव्याचा व्होल्टेज चढतो याचा आलेख काढला की खरं कारण दिसतं. उपाय म्हणून कपॅसिटरबरोबर ७ टक्क्यांचा डीट्यून्ड रिॲक्टर लावतात. त्याने ही जोडी १८९ हर्ट्झवर बांधली जाते, पाचव्या हार्मोनिकच्या खाली, आणि पाचव्या-सातव्याला कपॅसिटर झोपाळ्याचा साथीदार म्हणून सापडतच नाही.

मूळ दुखणं कमी करायचं तर ड्राइव्हच्या आधी ३ टक्क्यांचा लाइन चोक. त्याने पाचवा ३० वरून १७.५ च्या आसपास, सातवा ६.५, अकरावा ४, तेरावा २.५ असा उतरला असं धरू. वर्गांची बेरीज २८७१, करंट ५३.६ ॲम्पिअर, पॉवर फॅक्टर ०.९१, आणि केबलमधली जादा उष्णता ५४ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर. तांबं आणि लोखंडाच्या एका गुंडाळीच्या मानाने चांगला सौदा.

"फिल्टर लावा, बिल खाली येईल"

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून किलोवॉट-तासाऐवजी केव्हीएएच, म्हणजे आभासी ऊर्जेवर बिल येतं. तेव्हापासून हार्मोनिक्सचं सामान विकणाऱ्यांना नवा मुद्दा मिळाला आहे. वरचेच आकडे घेऊन कोणीही म्हणेल: ४४.७ चे ३८.६ झाले, बघा, १४ टक्के बचत!

ड्राइव्हच्या केबलवर हे खरं आहे. पण बिलाचा मीटर तिथे नाही, तो कारखान्याच्या तोंडाशी आहे. तिथे या ड्राइव्हच्या ५० ॲम्पिअरबरोबर बाकीच्या साध्या मोटर, हीटर यांचे, समजा, १५० ॲम्पिअर आहेत (सोपेपणासाठी एकाच फेजमध्ये आणि एकाच दाबावर धरू). मूळ लहर २०० झाली. हार्मोनिक्स तेवढेच, वर्गांची बेरीज १३५२:

```
चोक नाही:  sqrt(200² + 1352) = 203.4 A
चोक लावून: sqrt(200² + 371)  = 200.9 A
```

फरक सव्वा टक्का. ड्राइव्हवर १४ टक्के दिसलेली बचत बिलाच्या मीटरपाशी १.२ टक्के उरते, कारण वर्गांची बेरीज मोठ्या मूळ लहरीपुढे हार्मोनिक्सला गिळून टाकते. तेही मीटर आभासी पॉवर पूर्ण आरएमएसवरून काढत असेल तर. तो फक्त ५० हर्ट्झच्या सक्रिय आणि रिॲक्टिव्ह पॉवरवरून काढत असेल तर हार्मोनिक्सचा हा भाग त्यात येतच नाही. त्यामुळे कोणी बिलाचं गणित मांडलं तर पहिला प्रश्न असा विचारावा: हे आकडे कुठल्या तारेवरचे आहेत? कारखान्याचा बहुतांश लोड ड्राइव्हवरच असेल तर चित्र बदलतं, पण मग तो हिशेब इनकमरवर मोजलेल्या आकड्यांनी करावा. केबल, ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर वाचवणं हे चोकसाठी पुरेसं कारण आहे. बिलाचं कारण त्याला उगाच चिकटवू नये.

डेटा वाचणाऱ्यांसाठी दोन खाचाखोचा. काही मीटर टीएचडी मूळ लहरीच्या टक्केवारीत देतात, काही एकूण आरएमएसच्या. आपल्या ड्राइव्हसाठी पहिल्या पद्धतीने ७३.५ टक्के येतात (३६.८ भागिले ५०), दुसऱ्या पद्धतीने ५९ (३६.८ भागिले ६२.०६). करंट तोच, दोन मीटर शेजारी लावले तर एक बिघडलाय असं वाटेल. आणि बऱ्याच मीटरमध्ये पॉवर फॅक्टरचे दोन रजिस्टर असतात, `PF` आणि `DPF`. पहिल्यात ०.७८ सापडेल, दुसऱ्यात फक्त cosφ1 म्हणजे ०.९७. कपॅसिटर किती लावायचे हे `DPF` वरून ठरवायचं, आणि केबल केवढी लागेल हे एकूण आरएमएस करंटवरून.